'आंबा' शोधला तर काय सापडतं आणि काय निसटतं: प्रिसिजन आणि रिकॉल एका उदाहरणातून

शोधाचा निकाल पाहिल्यावर आपण चटकन म्हणतो, "बरं सापडलं." या "बरं" मध्ये दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. समोर आलेल्या यादीत कामाचं किती आहे, हा पहिला. जे कामाचं होतं त्यातलं समोर किती आलं, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराला प्रिसिजन म्हणतात आणि दुसऱ्याच्या उत्तराला रिकॉल. व्याख्या एवढीच आहे. अडचण येते ती एक वाढवताना दुसरा खाली येतो तेव्हा, आणि त्याहून मोठी म्हणजे रिकॉल डोळ्यांना दिसतच नाही. यादीतली चुकीची नोंद आपल्याला खटकते, पण यादीत न आलेली बरोबर नोंद कुणालाही खटकत नाही.

हे नीट कळायला एक छोटा संग्रह घेऊ. हाताने मोजता येईल इतका छोटा आणि मराठीतला. मराठीत शब्दांची रूपं इतकी बदलतात की हा खेचाखेचीचा प्रकार पहिल्याच शोधात दिसतो.

आधी संग्रह आणि प्रश्न ठरवा

समजा, शेती, स्वयंपाक, भटकंती आणि आठवणी असं सगळं असलेल्या एका मासिकाचे ३०० छोटे लेख आपण टाइप करून ठेवलेत. प्रत्येक लेख अर्ध्या-पाऊण पानाचा. त्यातून आंब्याच्या बागेविषयी एक पुस्तिका काढायची आहे. त्यासाठीचे लेख शोधायचे आहेत.

इथेच थांबून एक वाक्य कागदावर लिहा: कोणता लेख उपयोगी धरायचा? नवीन माणूस ही पायरी हमखास सोडतो आणि मग सगळे आकडे डळमळतात. आपलं वाक्य असं: "आंब्याची लागवड, झाडाची निगा, मोहोर, कीड-रोग, फळांची काढणी किंवा पिकवणं, यांपैकी कशातही बागायतदाराला काय करायचं ते सांगणारा लेख उपयोगी." म्हणजे आंब्याच्या शिऱ्याची कृती बाद, बाजारभावाचा लेख बाद, आजोळच्या आंब्याखाली खेळल्याची आठवण कितीही गोड असली तरी बाद.

वाक्य लिहिलं तरी कुंपणावरचे लेख राहतातच. कलमं बांधण्यावर लेख आहे, त्यात चिकूही आहे आणि आंबाही, याचं काय करायचं? माझा अनुभव असा की असे लेख दोघांनी वेगवेगळे बसून तपासावेत आणि जिथे मतं जुळत नाहीत तिथे वाक्यात दुरुस्ती करावी. "जाऊ दे, धरू या" असं दर वेळी मनाने ठरवत गेलात, तर सोमवारचा निवाडा आणि गुरुवारचा निवाडा जुळत नाही. आणखी एक पथ्य पाळा: तपासणाऱ्याला तो लेख कोणत्या शोधातून आला ते कळू देऊ नका. आपण बसवलेल्या शोधातून आलेल्या लेखाला आपण नकळत झुकतं माप देतो.

संग्रह छोटा असल्यामुळे आपण तीनशेच्या तीनशे लेख वाचले आणि त्यात २० उपयोगी निघाले असं धरू. हा २० चा आकडा म्हणजे या सगळ्या हिशोबाचा पाया. मोठ्या संग्रहात तो असा आयता मिळत नाही, तिकडे नंतर वळू.

पहिला शोध: नुसता 'आंबा'

शोधाच्या चौकटीत 'आंबा' लिहिलं आणि पूर्ण शब्द जुळला तरच दाखव असं सांगितलं. आठ लेख आले. त्यातले सहा उपयोगी. उरलेल्या दोनांत एक आंबा बर्फीची कृती आणि दुसरा पावसाळ्यातल्या आंबा घाटाचं वर्णन.

आता हिशोब:

प्रिसिजन = सापडलेल्यांतले उपयोगी ÷ एकूण सापडलेले = ६ ÷ ८ = ७५ टक्के.

रिकॉल = सापडलेल्यांतले उपयोगी ÷ संग्रहातले एकूण उपयोगी = ६ ÷ २० = ३० टक्के.

दोन्हीकडे वरचा आकडा तोच, सहा. फरक फक्त खालच्या आकड्यात आहे. प्रिसिजन यादीला विचारतं, रिकॉल संग्रहाला विचारतं. गोंधळ झाला की खाली कोण आहे ते बघायचं.

यादी पाहणाऱ्याला हा शोध छान वाटेल. आठातले सहा बरोबर आणि चुकीचे दोनही नजर टाकताच बाजूला काढता येतील असे. पण चौदा उपयोगी लेख मागे राहिलेत आणि त्याची काहीच खूण पडद्यावर नाही.

ते का राहिले? त्यातल्या एका लेखातलं वाक्य बघा: "आंब्याला मोहोर येण्याच्या आधी पाणी तोडावं." बागायतदाराला याहून उपयोगी वाक्य कोणतं? पण या लेखात 'आंबा' हा शब्द एकदाही नाही. 'आंब्याला', 'आंब्याच्या', 'आंब्यावर' आहेत. शाळेत शिकलेलं सामान्यरूप आठवा: घोडा-घोड्याला, पाणी-पाण्यात, देऊळ-देवळात. विभक्ती लागण्याआधी मूळ शब्दच बदलतो. संगणक अक्षरं एकामागून एक जुळवतो. 'आंबा' मध्ये 'ब' नंतर काना येतो, तर 'आंब्याला' मध्ये 'ब' नंतर पायमोडीची खूण आणि मग 'य' येतो. तिथेच जुळणी तुटते. आपल्याला एकच शब्द दिसतो, त्याला दोन दिसतात.

दुसरा शोध: रूपं जोडली

आता 'आंबा' किंवा 'आंबे' हे पूर्ण शब्द, किंवा 'आंब्या' ने सुरू होणारा कोणताही शब्द, असं मागितलं. २४ लेख आले, त्यातले १५ उपयोगी. प्रिसिजन १५ ÷ २४, म्हणजे साडेबासष्ट टक्के. रिकॉल १५ ÷ २०, म्हणजे ७५ टक्के.

रिकॉल तीसवरून पंचाहत्तरवर गेला आणि प्रिसिजन पंचाहत्तरवरून साडेबासष्टवर आलं. जाळं मोठं केलं की मासे जास्त येतात आणि शेवाळही. चुकीचे नऊ लेख कोणते, तर आधीचे दोन, शिवाय 'आंब्याचा शिरा', 'आंब्याची पोळी' अशा पाच पाककृती, चांगले आंबे पारखून कसे घ्यावेत हा गृहिणींसाठीचा लेख आणि ती आजोळची आठवण. हा सौदा मला तरी फायद्याचा वाटतो. नऊ उपयोगी लेख जास्त मिळाले आणि त्यासाठी सात जास्तीचे नको असलेले लेख चाळावे लागले.

तिसरा शोध: हात जरा जास्तच सैल सोडला

कुणीतरी सुचवतं की रूपं मोजत कशाला बसायचं, 'आंब' ने सुरू होणारं सगळंच आण. रूप कोणतंही असलं तरी सापडेल. केलं. ४५ लेख आले. त्यातले उपयोगी किती? १६. म्हणजे २१ लेख वाढले आणि त्यातला एकच कामाचा, ज्यात सगळीकडे 'आंबराई' हा शब्द होता.

बाकीचे वीस कुठून आले हे बघण्यासारखं आहे. आंबट ताकाची कढी. पीठ आंबवण्याची रीत. आंबोळ्या. आंबील. आंबेमोहर तांदळाची लागवड. आंबेहळद. आंबोलीचा धबधबा. आंबेगाव तालुक्यातला एक प्रयोग. डॉ. आंबेडकरांचे शेतीविषयक विचार. प्रत्येक लेख आपल्या जागी चांगला, पण आपल्या पुस्तिकेला एकाचाही उपयोग नाही. प्रिसिजन १६ ÷ ४५, म्हणजे सुमारे ३६ टक्के, आणि रिकॉल ८० टक्के. रिकॉल पाच टक्क्यांनी वाढवायला प्रिसिजनचे जवळजवळ सत्तावीस टक्के मोजले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शोधाची तुलना करून बघा. दोन्हीकडे रिकॉल वाढला आणि प्रिसिजन उतरलं, पण एकीकडे भाव रास्त होता आणि दुसरीकडे लूट झाली. "एक वाढला की दुसरा घटतो" एवढं वाक्य पाठ करून भागत नाही. किती वाढण्यासाठी किती घटला, हे दर वेळी मोजायचं.

चौथा शोध: शब्दांऐवजी विषयाकडून आलो

आता शब्दाची शेपटी सोडून द्या आणि बागायतदार काय म्हणतो ते आठवा. तो "आंबा" म्हणतच नाही कित्येकदा. तो हापूस म्हणतो, केशर म्हणतो, मोहोर म्हणतो, कैरी म्हणतो, आमराई म्हणतो. तेव्हा दुसऱ्या शोधात हे शब्द आणि त्यांची रूपं जोडली, 'आंबराई' सुद्धा घातला.

५० लेख आले आणि त्यातले १९ उपयोगी. रिकॉल ९५ टक्के, प्रिसिजन ३८ टक्के. तिसऱ्या शोधापेक्षा रिकॉल बराच जास्त आणि प्रिसिजनही किंचित वर! हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दोघांची ओढाताण एकाच शोधाचा हात सैल-घट्ट करताना होते. शोधच सुधारला, म्हणजे विषय कळून शब्द निवडले, तर दोन्ही एकदम वर जाऊ शकतात.

अर्थात शेवाळ इथेही आलंच. 'केशर' मुळे श्रीखंड आणि बासुंदी आली. 'कैरी' मुळे पन्हं आणि लोणचं. 'मोहोर' मुळे काजूच्या बागा. असे ३१ नको असलेले लेख. ते कमी करायला आपण वगळण्याची अट घालू.

पहिला विचार येतो तो साखरेचा. पाककृतीत साखर असते, तर 'साखर' असलेले लेख वगळा. वगळले. यादी ५० वरून ३६ वर आली. चुकीचे बारा गेले, पण त्यांच्याबरोबर उपयोगी दोनही गेले. एक लेख फळ काढणीला तयार झालं की नाही हे कसं ओळखावं यावर होता आणि त्यात फळातल्या साखरेच्या प्रमाणाचा उल्लेख होता. दुसरा पानांवर येणाऱ्या काळ्या बुरशीवर होता, किडीच्या "साखरेसारख्या चिकट" स्रावावर ती वाढते असं त्यात लिहिलं होतं. प्रिसिजन ४७ टक्क्यांवर चढलं, रिकॉल ८५ टक्क्यांवर घसरला.

मग वगळायचा शब्द बदलला आणि 'वाटी' घेतला, त्याची 'वाट्या' सारखी रूपंही. पाककृतीचं माप वाटीत असतं, औषधाच्या फवारणीचं नसतं. यादी ३९ वर आली, म्हणजे अकरा गेले आणि ते अकराही नको असलेले होते. उपयोगी एकोणीसच्या एकोणीस जागेवर. प्रिसिजन १९ ÷ ३९, जवळजवळ ४९ टक्के. रिकॉल ९५ टक्क्यांवर तसाच.

आतापर्यंतचं एका ठिकाणी:

| शोध | सापडले | उपयोगी | प्रिसिजन | रिकॉल |
|---|---|---|---|---|
| नुसता 'आंबा' | ८ | ६ | ७५% | ३०% |
| रूपांसह | २४ | १५ | ६२.५% | ७५% |
| 'आंब' ने सुरू होणारं सगळं | ४५ | १६ | ३६% | ८०% |
| विषयाचे शब्द जोडून | ५० | १९ | ३८% | ९५% |
| त्यातून 'साखर' वगळून | ३६ | १७ | ४७% | ८५% |
| 'साखर' ऐवजी 'वाटी' वगळून | ३९ | १९ | ४९% | ९५% |

हिशोब संगणकाकडून करून घ्यायचा असेल तर

प्रत्येक लेखाला क्रमांक द्या. सापडलेल्यांचे क्रमांक एका फाइलमध्ये, उपयोगी ठरवलेल्यांचे दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा. मग पायथॉनच्या पाच ओळी पुरतात:

```python
sapadle = set(open("sapadle.txt").read().split())
upyogi = set(open("upyogi.txt").read().split())
barobar = sapadle & upyogi
print("precision", len(barobar) / len(sapadle))
print("recall", len(barobar) / len(upyogi))
```

शोधही पायथॉनमध्येच करत असाल तर एका खड्ड्यापासून जपा. इंग्रजीच्या सवयीने शब्दाच्या दोन्ही बाजूंना `\b` लावून पूर्ण शब्द शोधायला जाल, तर `\bआंबा\b` ला "आंबा गोड आहे" या वाक्यातला आंबा सापडत नाही. पायथॉनचं `re` काना-मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे शब्द 'ब' वरच संपला असं त्याला वाटतं. मजकूर मोकळ्या जागांवर तोडायचा, विरामचिन्हं झाडायची आणि मग शब्द सरळ ताडून बघायचे, हे बरं. असाच दुसरा खड्डा 'कैऱ्या' मधल्या 'ऱ्या' चा. त्यातला 'ऱ' कधी एकाच अक्षराने, तर कधी 'र' ला खाली नुक्ता जोडून टाइप होतो आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. शोधण्याआधी सगळा मजकूर `unicodedata.normalize("NFC", ...)` मधून काढून घेतला की दोन्ही एक होतात. अशा चुकांमध्ये रिकॉल गुपचूप पडतो आणि आपण शब्दांना दोष देत बसतो.

शून्य निकाल आला तर प्रिसिजनच्या भागाकारात खाली शून्य येतं आणि कार्यक्रम अडतो, तेवढं ध्यानात असू द्या.

"एकूण किती बरोबर" हा आकडा का नको

नवीन माणसाला वाटतं, दोन आकडे कशाला, ३०० पैकी किती लेखांचा निर्णय बरोबर झाला ते सांगा की. तो आकडा काढून बघू. समजा, शोध बिघडला आणि त्याने काहीच दाखवलं नाही. मग २८० निरुपयोगी लेख त्याने "बरोबर" टाळले. २८० ÷ ३००, म्हणजे ९३ टक्के बरोबर! एकही लेख न सापडता. संग्रहात उपयोगी गोष्टी जितक्या विरळ, तितका हा आकडा जास्त फसवा. म्हणून शोधाच्या कामात तो कुणी विचारत नाही.

प्रिसिजन आणि रिकॉल मिसळून एकच आकडा करायचाच असेल तर त्यासाठी एफ-वन नावाचं माप आहे. सापडलेल्या उपयोगींची दुप्पट, भागिले सापडलेले आणि एकूण उपयोगी यांची बेरीज. रूपांसह केलेल्या शोधाला ३० ÷ ४४, म्हणजे ०.६८ मिळतात. 'वाटी' वगळलेल्या शोधाला ३८ ÷ ५९, म्हणजे ०.६४. या मापाच्या मते रूपांचा शोध सरस. पण पुस्तिका काढणाऱ्याला मी तो शोध कधीच देणार नाही, कारण त्यात पाच लेख निसटतात आणि ते निसटल्याचं त्याला कधीच कळणार नाही. एफ-वन दोघांना सारखं वजन देतं. आपल्या कामात दोघांचं वजन सारखं असेलच असं नाही.

यादी किती खोल वाचायची

आतापर्यंत आपण यादी म्हणजे एक गठ्ठा धरला. प्रत्यक्षात निकाल क्रमाने येतात, जास्त जुळणारे वर आणि मग खालचे. मग कुठे थांबायचं हे वाचणारा ठरवतो आणि त्या थांबण्यातच सगळी तडजोड असते.

आपल्या शेवटच्या ३९ लेखांची यादी क्रमाने लावली आणि वरून वाचत गेलो असं धरू. पहिल्या पाचांत चार उपयोगी: प्रिसिजन ८० टक्के, रिकॉल २०. पहिल्या दहांत सात: ७० आणि ३५. पहिल्या विसांत बारा: ६० आणि ६०. शेवटपर्यंत गेलो की ४९ आणि ९५. खाली उतरताना रिकॉल कधीच कमी होत नाही, फार तर जागच्या जागी राहतो, कारण हाती आलेला उपयोगी लेख परत जात नाही. प्रिसिजन मात्र हेलकावत उतरतं. एखादा उपयोगी लेख खाली सापडला की क्षणभर वर येतं.

एका बागायतदाराला आज संध्याकाळी मोहोरावरच्या किडीचं औषध हवंय. त्याला पहिले पाच लेख चांगले मिळाले की झालं. बाकीचे पंधरा सोळा आहेत की नाहीत याच्याशी त्याला घेणं नाही. त्याच्यासाठी वरच्या पाचांतलं किंवा दहांतलं प्रिसिजन मोजायचं. पुस्तिका काढणारीला ३९ च्या ३९ वाचायचे आहेत आणि त्यातले वीस फुकट गेले तरी चालतील. एकच यादी, पण दोघांसाठी निकाल वेगळा. शोध चांगला की वाईट हे विचारण्याआधी वाचणारा कोण, हे विचारावं लागतं.

संग्रह मोठा असला की २० कुठून आणायचे

तीनशे लेख वाचता आले म्हणून आपल्याला रिकॉल कळला. तीन लाख असते तर? हा या विषयातला सगळ्यात जुना पेच. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड इथे सिरिल क्लेव्हरडन यांनी विमानशास्त्रावरचे सुमारे १४०० शोधनिबंध आणि ठरावीक प्रश्न घेऊन कोणता निबंध कोणत्या प्रश्नाला उपयोगी ते आधीच ठरवून ठेवलं आणि त्यावर वेगवेगळ्या शोधपद्धती ताडून पाहिल्या. आपण वर केलं ते त्याचंच लहान रूप. अमेरिकेत १९९२ पासून ट्रेक या नावाने मोठ्या संग्रहांवर अशा चाचण्या सुरू झाल्या. तिथे अनेक शोधयंत्रांचे वरचे निकाल एकत्र ओततात आणि तेवढेच माणसांकडून तपासून घेतात. भारतात २००८ मध्ये 'फायर' या उपक्रमाने याच रीतीने हिंदी, बंगाली आणि मराठी संग्रहांवर काम सुरू केलं. मराठीसाठी वर्तमानपत्रांतल्या बातम्या घेतल्या होत्या.

आपल्यासारख्याला एवढा पसारा नको. दोन उपाय करता येतात. एक म्हणजे शोध लावण्याआधीच संग्रह ओळखणाऱ्या माणसाकडून "हे लेख आलेच पाहिजेत" अशी दहा-बारा लेखांची यादी घ्यायची आणि त्यातले किती आले ते बघायचं. दुसरा उपाय, न आलेल्या ढिगातून चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही लेख उचलून वाचायचे.

या दुसऱ्या उपायाची मर्यादा मात्र समजून घ्या. आपल्या शेवटच्या शोधात न आलेले २६१ लेख होते. त्यातले ५० आपण वाचले आणि एकही उपयोगी निघाला नाही. म्हणजे काहीच निसटलं नाही? तसं नाही. एक सोपा ठोकताळा आहे: तपासलेल्या नमुन्यांत शून्य सापडले, तर खरं प्रमाण ३ भागिले नमुन्यांची संख्या इथपर्यंत असू शकतं, असं पंचाण्णव टक्के खात्रीने धरायचं. ३ ÷ ५० म्हणजे ६ टक्के. २६१ च्या सहा टक्के म्हणजे सुमारे १६ लेख. पन्नास लेख वाचूनही आपण एवढंच म्हणू शकतो की निसटलेले सुमारे सोळापेक्षा जास्त नसावेत. १९ हातात, १६ निसटलेले, म्हणजे रिकॉल अगदी ५४ टक्के असण्याचीही शक्यता उरते. प्रत्यक्षात एकच निसटला होता, पण ते आपल्याला सगळं वाचल्यामुळे माहीत आहे.

आणि माणसाचा अंदाज? १९८५ मध्ये ब्लेअर आणि मॅरन या दोन संशोधकांनी एक अभ्यास छापला. अमेरिकेतला एक मोठा खटला, सुमारे ४०,००० दस्तऐवज, शोधणारे त्याच खटल्यातले वकील आणि त्यांचे मदतनीस. लागणाऱ्या कागदांपैकी किमान ७५ टक्के मिळाले अशी वकिलांची खात्री झाली तेव्हाच ते थांबले. न आलेल्या ढिगातून नमुने काढून तपासलं तेव्हा रिकॉल निघाला सुमारे २० टक्के. प्रिसिजन मात्र ८० टक्क्यांच्या जवळ होतं, आणि म्हणूनच ते इतके निर्धास्त होते. समोर येणारा जवळजवळ प्रत्येक कागद कामाचा होता. कारण ओळखीचं आहे: ते 'अपघात' शोधत होते आणि ज्यांच्यावर ठपका येऊ शकत होता त्यांनी कागदोपत्री 'घटना', 'परिस्थिती', 'अडचण' असे शब्द वापरले होते. आपल्या 'आंबा' आणि 'हापूस' सारखंच, फक्त तिथे खटला पणाला लागला होता.

प्रिसिजन खूप चांगलं दिसतंय आणि शोध अगदी एक-दोन शब्दांचा आहे, असं असेल तेव्हा मी सावध होतो. मग सापडलेले उपयोगी लेख शांतपणे वाचतो आणि त्यात विषयासाठी आणखी कोणते शब्द आलेत ते वहीत लिहून काढतो. त्या शब्दांनी पुन्हा शोधतो. नवीन उपयोगी लेख येणं थांबेपर्यंत हा फेरा चालू ठेवायचा.

विसावा लेख

आपला एक लेख अजून बाहेरच आहे. तो मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांवर आहे. मासिकात आंब्याची लेखमाला चालू होती, त्यातला हा तिसरा भाग. त्यामुळे लेखकाने सगळीकडे नुसतं 'बाग', 'झाड' आणि 'फुलोरा' लिहिलंय. आंबा नाही, हापूस नाही, मोहोरही नाही. काळ्या बुरशीच्या लेखात, म्हणजे आपण साखरेपायी घालवून बसणार होतो त्याच लेखात, 'तुडतुडे' हा शब्द आला होता. वहीत तो लिहिलेला होता, म्हणून तो शोधात जोडून पाहिला.

विसावा लेख आला. त्याच्यासोबत नऊ लेख आणखी आले: भातावरचे तपकिरी तुडतुडे, कपाशीवरचे तुडतुडे, असे. आता यादी ४९ ची, उपयोगी २०. रिकॉल १०० टक्के, प्रिसिजन ४१. पुस्तिकेसाठी हा शब्द ठेवायचा, कारण नऊ लेख चाळायला अर्धा तास लागतो आणि तुडतुड्यांवाचून पुस्तिका अपुरी राहील. संध्याकाळी औषध शोधणाऱ्या बागायतदाराच्या शोधात तो असा मोकळा घालायचा नाही. त्याच्यासाठी लेखमालेच्या प्रत्येक भागाला 'आंबा' अशी विषयाची खूण आपणच लावून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी हा लेख नुसत्या 'आंबा' या शब्दावरही हाती लागेल.